चाळीस गाड्यांसमोर मागितलेली माफी

माझी जीभ पहिल्यापासूनच तिखट. मालक होते तोवर ते हसून म्हणायचे, "हिंगणघाटात दोनच गोष्टींचा आवाज गावभर जातो, मिलचा भोंगा अन् आमच्या घरची बाई." ते गेले, अन् त्यांचा छोटा छापखाना, चार पानांचं साप्ताहिक अन् दोन पोरी माझ्या पदरात आल्या. मी मॅजिस्ट्रेटसमोर सही केली, अन् शेवटच्या पानाच्या तळाशी संपादक, मुद्रक, प्रकाशक म्हणून माझं नाव छापायला लागले. त्या ओळीचा मला फार अभिमान होता. पुढं फिर्याद आली तेव्हा कळलं, की कायदा आधी तीच ओळ वाचतो.

झालं असं. कापसाच्या बाजारात एका मोठ्या अडत्याच्या काट्यावर वजनमाप निरीक्षकानं तपासणी केली. मणाची दोन लोखंडी वजनं कमी भरली. पंचनामा झाला, वजनं जप्त झाली. मी निरीक्षकाकडं जाऊन पंचनामा वाचून आले, अन् स्वतःच्या हातानं छपाईचे खिळे जुळवून बातमी छापली. खाली दोन ओळी आमच्या: ज्यांच्या काट्यावर कमी वजनं सापडली, त्यांनी बाजार समितीवर बसू नये, असं आमचं मत आहे.

इथं थांबले असते तर काय बिघडलं असतं! पण दुसऱ्या दिवशी बाजारात तो अडत्या मला आडवा आला. "बाई, तुले वजनातलं काय समजते? घरी जाऊन चूल सांभाळजो." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कापसाच्या चाळीसेक गाड्या उभ्या होत्या. त्या सगळ्या गाडीवाल्यांसमोर मी ओरडले, "चोर आहेस तू! अन् तुझा बापही चोरच होता!"

पंधरा दिवसांत दोन फिर्यादी आल्या, दोन्ही अब्रुनुकसानीच्या. एक छापलेल्याबद्दल, एक बोललेल्याबद्दल. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, असं कोणीतरी सांगितलं. मी आत गेले तर पोरींचं कोण बघणार? दंड झाला तर छपाईचं ट्रेडल यंत्र विकावं लागणार. गावातल्या तीन वकिलांनी नकाराची मान हलवली. अडत्या त्यांचा जुना पक्षकार होता.

चौथे वकील वयानं माझ्याहून लहान होते. आदल्या दसऱ्याला नागपुराहून बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलेले. त्यांच्या घरी फारशी पक्षकारांची वर्दळ नव्हती. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा दिला, अन् मग अंक मागितला. माझी बातमी त्यांनी तीनदा वाचली.

"ताई, हे चांगलं लिहिलंय," ते म्हणाले. "आधी हकिकत, मग वेगळं करून मत. वजनं कमी होती हे खरं आहे, अन् पंचनाम्यानं शाबीत करता येतं. फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकांच्या हिताचंही लागतं. कास्तकाराच्या कापसाचं वजन हे लोकांच्या हिताचं नाई तर कशाचं? अन् मत कडक असलं तरी चालते. ते खऱ्या गोष्टीवर उभं पाहिजे अन् मनात खोट नको. हे आपण लढू."

मी म्हटलं, "अन् बोलले ते? ते तर हवेत गेलं."

ते हसले. "विलायतेत दिवाणी दाव्यासाठी असा फरक करतात. लिहिलेलं टिकते, हातोहात फिरते, म्हणून नुकसान झालं हे वेगळं दाखवावं लागत नाई. तोंडी बोललं तर बहुतेक वेळा दाखवावं लागते. पण एखाद्यावर चोरीसारख्या गुन्ह्याचा आळ घेतला, तर तिथंही ती सवलत नाई. अन् आपल्या फौजदारी कायद्यात लिहिलं काय, बोललं काय, कलम एकच. मले सांगा, तो चोर आहे हे तुम्हाले माहीत आहे का?"

"वजनं कमी होती ना!"

"वजनांच्या बुडातलं शिसं निघालं होतं. ते त्यानं काढलं की झिजून आपोआप पडलं, हे निरीक्षकालेही सांगता येत नाई. अन् त्याचा बाप? मेलेल्या माणसाबद्दल घरच्यांच्या मनाले लागेल असं बोललं, तर तीही अब्रुनुकसानीच."

मग त्यांनी सांगितलं ते ऐकून मी उठूनच उभी राहिले. छापलेलं लढायचं, पण बोललेल्याची माफी मागायची. तीही त्याच बाजारात, तशाच गाड्यांसमोर.

"मी काऊन माफी मागू? तो कमी तोलून राह्यला, अन् नाक मी घासू?"

"त्यांचा वकील तुमचं ते ओरडणंच पुढं करेल. म्हणेल, बाईच्या मनात डूख होता, बातमी सद्भावनेनं लिहिलीच नव्हती. मग खरी बातमीही गोत्यात येईल." मग ते म्हणाले, "ताई, मले लोकांनी लहानपणापासून काय काय म्हटलं, ते तुम्हाले ठाऊक आहे. बोललेलं हवेत जाते, हे मले नका सांगू."

मला इतकी लाज वाटली, की चहाचा कप खाली ठेवायचंही सुचेना. घरी येऊन मालकांच्या फोटोपुढं बसले. ह्यांना कोणी भर बाजारात चोर म्हटलं असतं, तर मी त्याचं डोकंच फोडलं असतं.

सोमवारी बाजारात गेले. वकील लांब उभे होते. अडत्याच्या काट्यापुढं मी पदर खोचला अन् नेहमीच्याच आवाजात बोलले, दुसरा आवाज मला येतच नाही. "ह्यांची वजनं कमी भरली, हे मी छापलं. ते खरं आहे, ते मागं घेणार नाही. पण मी ह्यांना चोर म्हटलं, ते खरं की खोटं हे मला माहीत नव्हतं. अन् ह्यांच्या वडिलांबद्दल बोलले, ते तर साफ खोटं होतं. मला माफ करा."

अडत्यानं मान खाली घातली. मग म्हणाला, "बाबाचं बोलली, तेच लागलं होतं, बाई."

बोललेल्याची फिर्याद त्यानं मिटवून टाकली. छापलेल्याची मात्र सोडली नाही, अन् खरं सांगते, त्याबद्दल मला त्याचा राग नाही. निरीक्षक साक्षीला आला, पंचनामा दाखल झाला. त्यांच्या वकिलानं माझं ओरडणं काढलंच. आमचे वकील शांतपणे उठून म्हणाले, "जे शाबीत करता येत नव्हतं, ते ह्या बाईंनी चाळीस गाड्यांसमोर मागं घेतलं. जे मागं घेतलं नाही, ते शाबीत होतं म्हणून." मॅजिस्ट्रेटनं मला निर्दोष सोडलं. बाहेर येऊन मी रडले. फी विचारली तर म्हणाले, "माझ्या नावाची पाटी छापून द्या." मी आर्ट पेपरवर छापून दिली, अन् पुढं माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्याच घरी धाडलं. माझं घर त्यांनी राखलं, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

वर्षभरानं अडत्या छापखान्याच्या दारात उभा राहिला. गावात दुसरेही दोन छापखाने होते. त्यानं घडी केलेला कागद पुढं केला. बापाच्या पुण्यतिथीची पत्रिका छापायची होती.

"मुद्रित तुम्हीच तपासजो," तो म्हणाला. "बाबाच्या नावात चूक नको."

मी खिळ्यांची पेटी पुढं ओढली अन् त्याला बसायला खुर्ची दिली.