वास सुटायच्या आधी

दिग्रसच्या आमच्या बचत गटात चिप्सची कढई माझ्याकडे होती. लाल झाल्याशिवाय झारा उचलायचा नाही, ही माझ्या आईची शिस्त. रंगाआधी वास सांगायचा, आता काढ. गिऱ्हाईकही लालच मागायचं.

मग एका मोठ्या व्यापाऱ्याने नमुना तपासायला नेला आणि अहवाल आला: अ‍ॅक्रिलामाइड जास्त. हे नाव कोणालाच धड उच्चारता येईना. शरीराला घातक, एवढंच कळलं. अध्यक्षबाई मान खाली घालून म्हणाल्या, "ताई, तू जाळून टाकतं. काही दिवस पॅकिंगले बस."

मी बसले. राग येईल असं वाटलं होतं, तोही आला नाही. दिवसभर पिशव्यांची तोंडं बंद करत राहिले. घरी विचारलं तर म्हणायची, बरं चाललंय.

कढईवर तापमापी लागली आणि सचिवबाईंची सून आली. पोरगी गुणी, काट्यावरून नजर हलवत नव्हती. तरीही चिप्स लालच. दुसरा नमुनाही नापास झाला.

तेव्हा व्यापाऱ्याने अन्नतंत्राची एक मॅडम पाठवली. तिने कढईकडे पाहिलंही नाही. "बटाटे कुठे ठेवता?" एवढंच विचारलं. शीतगृहात, कोंब फुटू नयेत म्हणून.

"म्हणून तर," ती म्हणाली. जास्त थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते. बटाट्यात अ‍ॅस्पॅरॅजीन नावाचा घटक आधीच असतो. एकशेवीस अंशांच्या वर, ओल उडत आली की ही साखर आणि तो घटक एकत्र येतात. त्यातूनच लाल रंग, त्यातूनच खमंग वास आणि त्याच भानगडीत हे अ‍ॅक्रिलामाइडही. उकडलेल्या बटाट्यात ते होत नाही, पाणी तेवढं तापतच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी पिशवी बंद केली.

पोती शीतगृहातून काढून काही आठवडे खोलीत ठेवली. कोंब फुटलेले बटाटे फेकले. काप गरम पाण्यातून काढायचे, म्हणजे साखर आणि तो घटक बराचसा पाण्यात उतरतो. तेल कमी तापवायचं, सोनेरी होताच उपसायचं. तिसरा नमुना पास झाला.

अध्यक्षबाई स्वतः झारा घेऊन आल्या. "चुकलं आमचं ताई. तुयी जागा तुलेच."

"मॅडमनं सांगतलं तसंच तळीन," मी म्हटलं. त्यांचे डोळे भरले. माझे कोरडेच होते.

पहिला घाणा सोडला. काप फिकट सोनेरी झाले तसे उपसले. नाक अजून वाट बघत होतं. वास सुटायच्या आधीच काढायचे, हेच तर आता बरोबर होतं. चिप्स चांगले झाले होते. सगळ्यांनी खाल्ले, मीही एक खाल्ला. मला कशाचीच चव लागली नाही.