बुधवारच्या तालमीचं परीक्षण

पडदा वर जात होता आणि निम्म्या पालकांच्या हातात आमचा वार्षिक अंक होता. त्या अंकात समोर सुरू होणाऱ्या नाटकाचं परीक्षण होतं. लिहिलेलं मीच.

आमच्या भोसरीच्या शाळेत यात कुणाला काही वावगं वाटत नाही. अंकाचं प्रकाशन स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते होतं, त्यामुळे परीक्षण रंगीत तालमीवरून लिहायचं, ही जुनी रीत. रंगीत तालीम म्हणजे कपडे, दिवे, सामान, सगळं लावून केलेला प्रयोग. फक्त प्रेक्षक नसतात.

मी मराठी शिकवतो आणि अंकही काढतो. 'सर्वांनी छान कामे केली' असलं परीक्षण माझ्या डोक्यात जातं. मी शेवटच्या रांगेत बसतो. टिपणांसाठी संहितेचा कागद वेगळा, अभिनयाचा वेगळा, मांडणीचा वेगळा. एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी मारायचा नाही. हे मी मुलांना शिकवतो आणि स्टाफरूममध्ये जरा मिरवतोही.

नाटक आमच्याच शाळेतल्या शिंदे मॅडमनी लिहिलेलं. नाइट शिफ्ट करून आलेला नवरा एकुलत्या एका खोलीत झोपलाय आणि बायको त्याची झोप न मोडता सकाळभर घर चालवते. मी लिहिलं होतं, की संवाद घरातले वाटतात, पण शेवटचं भाषण बायकोचं नाही, लेखिकेचं आहे. पलंग मधोमध ठेवल्याने प्रत्येकाला वळसा घालावा लागतो आणि खोली किती लहान ते न सांगता कळतं. मात्र सकाळ झाली तरी दिवा रात्रीचा निळाच राहतो. इथवर सगळं रास्त होतं. पुढे बायकोचं काम करणाऱ्या मुलीच्या अभिनयाबद्दल लिहिलं होतं, 'गौरीचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही. भूमिकेत जीव हवा.'

संमेलन गुरुवारी होतं. गौरीने पहिलं वाक्य म्हटलं, अगदी तालमीतल्याइतक्याच हळू. मी शेवटच्या रांगेत होतो. शब्द न् शब्द ऐकू आला.

शेजारी पीटीचे सर होते. अंकावर बोट ठेवून म्हणाले, "अहो सर, पोचतोय की आवाज!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. गुरुवारी इथल्या एमआयडीसीला साप्ताहिक सुट्टी. आमच्या भिंतीला लागून पत्र्याचं प्रेसिंग करणारं वर्कशॉप आहे. तालीम बुधवारी झाली, तेव्हा प्रेस धाडधाड चालू होता. इतकी वर्षं आम्ही त्या आवाजातच शिकवतोय, की तो चालू आहे हेच आम्हाला जाणवत नाही. मशीनचा दोष मी पोरीच्या माथी मारला होता.

आणि ती हळू बोलत होती, तोच तर तिचा अभिनय होता. स्टीलचा डबा ओट्यावर ठेवताना तिने खाली तळहात धरला, वाजू नये म्हणून. सगळा हॉल श्वास रोखून होता. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

प्रयोगानंतर गौरीची आई भेटली. लातूरकडची बाई, अंक छातीशी धरलेला. "सर, आमच्यात असंच बोलतेत हो. ह्यांची नाइट असती ना. जीव म्हंजी काय करायचा होता तिनं?"

"चूक तिची नाही, ताई. माझी आहे," मी म्हणालो.

मुख्याध्यापक मॅडमकडे गेलो. दुरुस्तीची चिठ्ठी छापून वाटू या म्हणालो.

"अंक घरोघरी गेले, सर. आता कुणाकुणाला चिठ्ठी देणार? आणि नाटक आता आंतरशालेय स्पर्धेला जाईल, तिथे थोडं मोठ्याने बोलली तर बिघडतं कुठे?"

मी गौरीला बोलावून सांगितलं, "तू बरोबर होतीस. मी चुकीचं लिहिलं. स्पर्धेतही अस्संच बोल."

ती म्हणाली, "हो सर." पण डोळे अंकावरच होते.

स्पर्धा चिंचवडच्या एका नाट्यगृहात झाली. गौरी पहिल्या वाक्यापासून खणखणीत बोलली. शेवटच्या रांगेत बसलेल्या मला अगदी नीट ऐकू आलं. डबाही तिने ठणकन ठेवला. अभिनयाचं बक्षीस दुसऱ्या शाळेला गेलं. परीक्षक बाई नंतर समजावून सांगत होत्या, "बाळा, नवरा झोपलाय ना? मग एवढ्या मोठ्याने का बोललीस?"

गौरीने माझ्याकडे पाहिलं. माझं नाव घेतलं नाही. ते तिने घेतलं असतं तर बरं झालं असतं.

बसमध्ये मी विचारलं, "मी सांगितलं होतं ना गं?"

"सांगितलं होतं, सर. पण छापलेलं वेगळं होतं."

पुढे मी हट्टच धरला. आता अंक संमेलनानंतर निघतो आणि परीक्षण प्रयोगावरूनच लिहितो. कागद तिनाचे चार झालेत. चौथ्यावर एवढंच लिहायचं, की नाटक चालू असताना भिंतीपलीकडे काय चालू होतं. तो कागद मी सगळ्यात आधी भरतो.