या आठवड्यात जमणार नाही

माझे वडील तालुक्याच्या शाळेत शिपाई होते. शाळेच्या मागची पत्र्याची खोली आम्हाला राहायला दिली होती, आणि खोली शाळेची म्हणून वडीलही आठवडाभर शाळेचेच. हेडमास्तरांचा सिलिंडर, गणिताच्या सरांचं दळण, कुणाच्या लग्नातल्या खुर्च्या, सगळ्याला त्यांचं उत्तर एकच: "आणतो की."

एका रविवारी आई तापानं फणफणली होती. तिला सरकारी दवाखान्यात न्यायला वडील चप्पल घालत होते, तेवढ्यात एका सरांचा निरोप आला. घर बदलतोय, कपाटं उचलायला या. वडील गेले. आईला मी नेलं, सातवीतला. जिन्यावरून कपाट उतरवताना वडिलांची कंबर गेली, ती पुन्हा कधी सरळ झाली नाही. सरांनी चहा पाजला होता, हे ते पुढची कितीतरी वर्षं कौतुकानं सांगत.

आई म्हणायची, "नाही म्हणायला ऐपत लागते. ती आपली नाही."

मी घराण्यातला पहिला पदवीधर, तोही इंजिनिअर. हे मी स्वतःच्या तोंडानं सांगतो, कारण ते फुकट मिळालेलं नाही. पण पदवीबरोबर ती ऐपत येईल असं वाटलं होतं, ती आली नाही.

इथे अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला मी गाड्यांच्या पार्किंग ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासतो. प्रत्येक टेस्ट एकानं लिहायची, बेंचवर, म्हणजे टेबलावर मांडलेल्या चाचणी-यंत्रणेवर, चालवायची आणि दुसऱ्यानं ओळ न् ओळ वाचून खाली आपलं नाव घालायचं. दुसऱ्याचे डोळे हीच सगळी मेख. नाव घातलं म्हणजे वाचलं, असं पुढचा माणूस धरून चालतो.

शेजारच्या डेस्कवर नागपूरची एक मुलगी आली, एका कन्सल्टिंग कंपनीतर्फे, कॉन्ट्रॅक्टवर. मला दादा म्हणायची. पहिल्याच हिवाळ्यात बायको आजारी पडली तेव्हा तिनं स्टीलच्या डब्यातून कोथिंबीर भरलेली नागपुरी सांबारवडी पाठवली. आमच्याकडे आलेला डबा रिकामा परत देत नाहीत. बायकोनं लाडू भरून दिला, तिनं पुन्हा काही भरून पाठवला, आणि तो डबा वर्षभर असाच दोन घरांमध्ये फिरत राहिला.

मग एकदा माझा डबा घरून आणायचा राहिला आणि ती म्हणाली, "डब्याचं राहू द्या दादा, तेवढ्या वीस टेस्ट बघून द्या ना." मी हो म्हणालो. त्या दिवशी माझंच काम गळ्यापर्यंत आलं होतं. पाच वाचल्या आणि विसांवर नाव घातलं. उरलेल्यांत एक चुकीची होती. उतारावर दार उघडलं तर ब्रेक आपोआप लागला पाहिजे. टेस्टमध्ये गाडी सपाटीवरच उभी होती. पुढच्या तपासणीत ते सापडलं, गाडीपर्यंत गेलं नाही. मला एका मीटिंगमध्ये बसवलं. तिला मात्र तीन वेळा जाब विचारला, कारण ती कॉन्ट्रॅक्टवर. मी हो म्हटलं आणि भोगलं तिनं.

यंदा नोव्हेंबरातल्या एका सोमवारी ती पुन्हा डबा घेऊन आली. माझ्या स्क्रीनवर साठ टेस्टची यादी होती. शुक्रवारी आमची गाडी उत्तरेला बर्फावर चाचणीला जायची होती, त्याआधी त्या संपायला हव्या होत्या.

"काय करून राहिले दादा? चेहरा तर असा, जसं काही गाडी तुम्हालाच ढकलत न्यायची आहे."

"तसंच समज."

ती हसली नाही. खुर्ची ओढून बसली. "माझ्या चाळीस आहेत. शुक्रवारपर्यंत. महिनाअखेर कॉन्ट्रॅक्टचं ठरणार आहे. ते नाही झालं तर व्हिसाच्या नियमानं साठ दिवसांत दुसरी नोकरी, नाहीतर बॅगा. अर्ध्या तरी बघा ना."

मी डब्याकडे पाहिलं. आपण वडिलांसारखेच "बघतो की" म्हणणार, असं वाटलं. 

"या आठवड्यात जमणार नाही," मी म्हणालो. "घेतल्या तर न वाचता नाव घालीन. मागच्या वेळी तेच केलं आणि तू बोलणी खाल्लीस."

"तेव्हा तर मी काही म्हटलं नाही."

"म्हणूनच आज मी म्हणतोय."

 मी पुढे बोललो. उद्या दहा वाजता अर्धा तास तुझा, चाळिसातल्या कुठल्या टेस्ट आधी हव्यात ते दोघं ठरवू. उताराच्या टेस्टसाठी माझा तयार नमुना आहे, तो घे. आणि आत्ता मॅनेजरकडे जाऊ, दोघंही. माणूस कमी पडतोय हे मॅनेजरनं आज ऐकलेलं बरं, शुक्रवारी नको.

"मॅनेजरकडे? म्हणजे जमत नाही ते मीच सांगू? कॉन्ट्रॅक्टच्या तोंडावर? तुम्ही पर्मनंट आहात दादा, तुम्हाला शोभतं."

तिचं बोलणं खरं होतं.  तरी ती आली.

मॅनेजर आमची पन्नाशीची, मिशिगनचीच, तोलून बोलणारी. दोन्ही याद्या तिनं शेजारी ठेवल्या. चाळिसातल्या, बर्फावर लागणाऱ्या पंधरा टेस्ट शुक्रवारी, बाकीच्या एक आठवड्यानं, आणि वाचायला दुसऱ्या टीममधला एक माणूस. "सोमवारी सांगितलंत, बरं झालं," इतकंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी दहाला आम्ही बसलो. अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला. ती मला दादा म्हणाली नाही.

त्या आठवड्यात वडिलांना फोनवर हे सांगितलं. काय अपेक्षेनं सांगितलं, देव जाणे.

"पोरगी परदेशात एकटी, आणि तू नाही म्हणालास?"

"अण्णा, काम होतं."

"काम मलाही होतं. एवढं शिकलास, ते हेच का?"

मागून आई काहीतरी म्हणाली. वडिलांनी तिला गप्प केलं आणि हवापाणी विचारलं. फोन ठेवल्यावर मी गाडीत तसाच बसून राहिलो. पार्किंगमध्ये पहिला बर्फ भुरभुरत होता. वडिलांची वाकलेली कंबर माझ्या बाजूनं बोलेल असं मला वाटत आलं होतं. तीही त्यांच्याच बाजूची निघाली.

महिनाअखेर कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. बजेट गेलं, टेस्टचा संबंध नाही, असं मॅनेजर म्हणाली. मी ते अजूनही पुरतं मानू शकलेलो नाही. मी शिफारसपत्र लिहिलं, फ्रिस्को आणि जर्सी सिटीतल्या ओळखीच्यांना फोन केले. सगळीकडे एकच उत्तर, नव्या वर्षात पाहू. तिच्याकडे नव्या वर्षातले थोडेच दिवस होते. ती नागपूरला परत गेली.

त्या सोमवारी तिनं आणलेला डबा माझ्याकडेच राहिला होता. बायकोनं त्यात चिवडा भरून दिला, तो मी तिच्या डेस्कवर ठेवला. शेवटच्या दिवशी मी मीटिंगमधून आलो तर डबा माझ्या कीबोर्डवर होता. धुतलेला, पुसलेला, रिकामा. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

तिच्या चाळीस टेस्ट पूर्ण झाल्या. पंधरा शुक्रवारी, पंचवीस आठवड्यानं. प्रत्येक ओळ कुणीतरी खरोखर वाचली. एकही परत आली नाही.