परवापर्यंत पिवळे हवेत

आमच्या शहरातल्या मराठी मंडळात अक्षय्य तृतीयेचं जेवण असतं, पुरी आणि आमरस. त्या वर्षी आंब्यांचं काम माझ्याकडे आलं. मी शिकवते त्या शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या, म्हणून मी हो म्हटलं. पण आठ दिवस नात्यातल्या एका लग्नाच्या गडबडीत गेले आणि फळांच्या मंडीत पोचले तेव्हा सणाला दोनच दिवस उरले होते. व्यापाऱ्याकडचे बदाम जातीचे आंबे हिरवे, दगडासारखे होते. मी त्याला सांगितलं, परवा सकाळपर्यंत पिवळे झालेले वीस क्रेट मंडळाच्या हॉलवर पोचले पाहिजेत. तो म्हणाला, "हो जाएगा दीदी." कसं होईल, हे मी विचारलं नाही.

सणाच्या दिवशी सकाळी आठला आम्ही हॉलच्या स्वयंपाकघरात जमलो. क्रेट आलेले होते. आंबे सगळे एकाच रंगाचे, लख्ख पिवळे. मला हायसं वाटलं. माझ्यासोबत चेरीताल भागात राहणाऱ्या एक काकू रस काढायला बसल्या होत्या. कोपऱ्यात दोन मोठ्या शेगड्या पेटवून पुऱ्यांचं तेल तापत ठेवलं होतं. पहिलं पातेलं भरत आलं तेव्हा काकूंनी चव घेतली आणि साखर मागितली. थोड्या वेळानं पुन्हा मागितली. रस फिक्कट होता आणि कोयीजवळचा गर पांढरट, आंबट. मी म्हटलं, सुरुवातीचा माल आहे, असाच असणार.

माझे सासरे खुर्ची घेऊन दाराशी बसले होते. ते खमरियाच्या फॅक्टरीत वेल्डर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. ते उठून आत आले, एका क्रेटजवळ वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले. मला वाटलं, त्यांची कंबर धरली.

"हा वास कशाचा येऊन राहिला?" त्यांनी विचारलं.

लसणासारखा वास मलाही आला होता, पण मी तो चटणीचा समजले होते. त्यांनी आंबे बाजूला केले. तळाशी वर्तमानपत्राच्या लहान लहान पुड्या होत्या. एक उलगडली तर आत राखाडी भुकटी आणि तिच्यात हरभऱ्याएवढे दोन-तीन खडे. "कार्बाईड," ते म्हणाले. "यावर पाणी टाकून गॅस काढायचो आम्ही. लोखंड कापायला."

ते मला सांगत होते तेवढ्यात काकूंनी त्यांच्या क्रेटमधल्या पुड्या कचरा समजून उचलल्या आणि सालींच्या बादलीत टाकल्या. बादलीत आंबे धुतलेलं पाणी होतं. आधी नुसता बारीक फसफस आवाज आला. मग पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि उकळल्यासारखं वर येऊ लागलं. तो लसणाचा वास एकदम नाकात भरला. बादली शेगडीपासून चार हातांवर होती.

सासऱ्यांना मी इतक्या चपळाईनं हलताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी आधी दोन्ही शेगड्या बंद केल्या. मी एक्झॉस्ट पंख्याच्या बटनाकडे हात नेला, तर म्हणाले, "बटनाला हात लावू नको. ठिणगी उडते. खिडक्या उघड." आवाज चढलेला नव्हता. मी खिडक्या उघडल्या. त्यांनी बादली उचलली आणि हात लांब धरून मागच्या अंगणात, मोकळ्या जागी नेऊन ठेवली. तिथून दहा पावलं मागे येऊन ते उभे राहिले, फसफस थांबेपर्यंत. कुणालाही बाहेर विडीसुद्धा पेटवू दिली नाही.

उरलेल्या पुड्या आम्ही कोरड्या हातांनी वेचल्या आणि कोरड्या डब्यात भरून बाहेर ठेवल्या. तेव्हा कुठे काकूंनी हात दाखवला. ओल्या बोटांना भुकटी लागली होती, दोन बोटांच्या टोकांची कातडी लाल होऊन पांढरी पडत होती. सासऱ्यांनी आधी कोरड्या फडक्यानं भुकटी झाडली, मग काकूंचा हात नळाखाली धरून ठेवला, बराच वेळ.

मंडळाचे अध्यक्ष आले तेव्हा दहा वाजले होते. दीडशे माणसं साडेबाराला येणार होती. अध्यक्षांचं म्हणणं होतं की आंबे स्वच्छ धुऊन घ्यावेत. साल तर आपण खात नाही, आणि मंडीतला अर्धा माल असाच पिकतो, आजवर कोण मेलं?

खरं सांगायचं तर मलाही क्षणभर ते पटावंसं वाटलं. चूक माझी होती आणि ती झाकायला तेवढंच पुरे होतं. मी सासऱ्यांकडे पाहिलं.

"एक वाटी रस पिऊन कोणी मरणार नाही बहुतेक," ते म्हणाले. "पण हे कार्बाईड कारखान्यासाठी बनतं, खाण्यासाठी नाही. यात आर्सेनिक असतं, फॉस्फरस असतं. कोणत्या पुडीत किती, ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. लहान पोरं जेवणार आहेत. अन् सरकारनं बंदी उगाच नाही घातली."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. मी म्हटलं, रस वाढायचा नाही. परवापर्यंत पिवळे हवेत असं मीच सांगितलं होतं, तेव्हा लोकांनाही मीच सांगेन.

जेवण दीड वाजता सुरू झालं. पुरी, भाजी, आणि डेअरीतून मिळालं तेवढं श्रीखंड, दोन-दोन चमचे. मी पंगतीसमोर उभी राहून झालेलं सगळं सांगितलं. काही जण न जेवता उठले. एका बाईंनी विचारलं की मग गॅस देऊन पिकवलेले आंबेही असेच का. मला उत्तर आलं नाही, आणि तेच मला सर्वात जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी पुड्यांचा डबा आणि एक न उघडलेलं क्रेट घेऊन अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांकडे गेले. त्या बाई स्वतः माझ्यासोबत मंडीत आल्या. व्यापारी मला बघून चिडला नाही, आणि त्यानं नाकारलंही नाही.

"आपने परसों तक माँगा था दीदी. चेंबर में रखता तो चार दिन लगते."

त्याच्याकडे आंबे पिकवायचं चेंबर होतं. त्याच गाळ्याच्या मागे, फ्रिजसारख्या जाड दाराचं. अधिकारी बाईंनी मला आत नेलं. आत गारवा होता, क्रेट हवा खेळेल असे रचलेले, भिंतीवर गॅस मोजायचं यंत्र. इथिलीन, त्या म्हणाल्या. हा वायू आंबा पिकताना स्वतःच सोडतो. गवताच्या अढीत एक आंबा पिकला की शेजारचे पिकायला लागतात ते यानंच. इथे तोच वायू अगदी थोडा, मोजून, साधारण दिवसभर देतात. मग दार उघडून हवा बदलतात, आणि पुढचं काम आंबा स्वतः करतो, गराचं, गोडीचं, वासाचं. कार्बाईडचा वायू इथिलीनची नक्कल करतो, पण कमजोर. कच्चा आंबा वरून पिवळा होतो, आत तसाच राहू शकतो. शिवाय सोबत येणारी घाण वेगळी. इथिलीनच्याही पुड्या मिळतात, त्यांना परवानगी आहे, पण त्या फळाला टेकता कामा नयेत, अन् पाण्यात टाकल्या तर अशा फसफसत नाहीत. मात्र नुसता रंग पाहून कोणता आंबा कशानं पिकवला हे आपल्यालाही छातीठोक सांगता येत नाही, असं त्यांनी कबूल केलं.

व्यापाऱ्याचा माल जप्त झाला, प्रकरण पुढे गेलं, माझी साक्ष झाली. काकूंची बोटं पंधरा दिवसांत बरी झाली. अध्यक्ष माझ्याशी वर्षभर तुटक बोलत राहिले. मी ज्या बाईंना उत्तर देऊ शकले नव्हते त्यांच्या घरी, कांचघरला, मुद्दाम जाऊन चेंबरचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला, आणि म्हणाल्या की तरी यंदा आंबा आणायची हिंमत होत नाही.

सासऱ्यांनी मला माझी चूक कधी बोलून दाखवली नाही. सणाच्या रात्री जेवायला बसलो तेव्हा मी आधी त्यांना वाढलं आणि वरणाची वाटी त्यांच्या जवळ सरकवली.