सहा वाजताची मेल

मी मुळातच संशयी. बायको म्हणते, तुम्हाला चहात साखर घातली तरी चमचा दाखवावा लागतो.

नवापूरच्या एका हॅचरीचं कॉम्प्युटरचं काम मी नंदुरबारहून बघतो. अंडी उबवायच्या यंत्राला कॉम्प्युटर जोडलेला आहे. तापमानाचा गोषवारा रोज सकाळी सहाला आपोआप मेलनं मला यायचा. यंत्र सांभाळायला चाचा, तिथले सगळ्यात जुने ऑपरेटर.

एका सोमवारी मेल आली नाही. मंगळवारीही नाही. मी चाचांना फोन लावला.

"यंत्र चालू शे भाऊ, बठ्ठं ठीक शे," ते म्हणाले.

सगळं ठीक? इतकं पटकन उत्तर? कुठंतरी पाणी मुरतंय, असं मला वाटलं. ते हातानं तापमान लिहितात त्या वहीचा फोटो मागवला. सगळे आकडे साडेसदतीसच्या आसपास. असे गुळगुळीत आकडे खरे असतात का? बसल्या जागी लिहिले असणार. शुक्रवारी मी मालकांना सांगून टाकलं की चाचा कॉम्प्युटर बंद करून ठेवतात. मी तपासून येईपर्यंत मालकांनी चाचांना घरी बसवलं.

शनिवारी गेलो. कॉम्प्युटरच्या नोंदीत रोज सहाला मेल रवाना, समोरच्या सर्व्हरनं घेतल्याचीही खूण. मग मी स्वतःच्या फोनवर स्पॅमचा कप्पा उघडला. सोमवारपासूनच्या सहाही मेल तिथं पडलेल्या, आणि त्यातले आकडे वहीशी जुळणारे.

चूक माझीच होती. आदल्या रविवारी मी हॅचरीच्या डोमेनची मेलसेवा बदलली होती. आपल्या नावानं कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात, त्याची यादी डोमेनच्या नोंदीत असते. तिला एसपीएफ म्हणतात. नव्या यादीत मी ऑफिसची मेलसेवा घातली, पण गोषवारा ज्या सर्व्हरमधून जातो तो विसरलो. त्या मेलवर डोमेनची डिजिटल सही, म्हणजे डीकेआयएम, कधी नव्हतीच. वर मीच डीमार्कचा नियम लिहिला होता: यादीही जुळली नाही आणि सहीही नसेल, तर मेल स्पॅममध्ये टाका. माझा नियम माझ्याच मेलवर लागला. स्वतःची लाज वाटली, खोटं कशाला सांगू.

सर्व्हर यादीत घातला, सही चालू केली. चाचणीची मेल सरळ इनबॉक्समध्ये आली. सातपर्यंत मेल दिसली नाही तर आधी स्पॅम बघायचा, असं स्वतःसाठी कागदावर लिहून ठेवलं. मालकांना फोनवर सगळं कबूल केलं आणि चाचांच्या घरी गेलो.

ते ओट्यावर बसले होते. मी म्हणालो, "चाचा, चुकलं माझं. उद्यापासून कामावर या."

त्यांनी मान डोलावली. पाणी दिलं. मग शांतपणे म्हणाले, "तुम्ही मालकले सांगं, मशीनले इचारं. येक दिन येईसन मन्हासंगे यंत्रजोडे काबर नई उभा ऱ्हायनात?"

नंदुरबारहून नवापूर तर गाडीनं दीड-दोन तासांवर आहे; एक दिवस येऊन त्यांच्यासोबत यंत्रापाशी उभं राहता आलं असतं.