काढून टाकलेल्या केबली

आमच्या दिघ्याच्या घरात वडिलांच्या कामगार संघटनेच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी वाचायला शिकले ते त्यांवरच. त्यामुळे महापेच्या डेटा सेंटरमध्ये लागले तेव्हा साताऱ्याकडचे दादा मला 'लीडर' म्हणू लागले. दादा कंत्राटी होते. रॅकवरचं सगळं काम मला त्यांनीच शिकवलं.

प्रत्येक सर्व्हरच्या बोर्डावर बीएमसी नावाचा छोटा, वेगळा संगणक असतो. सर्व्हर बंद असला तरी तो जागा असतो. तो ज्याच्या हातात, सर्व्हर त्याच्या हातात. आमच्याकडे सगळ्या बीएमसींवर कारखान्यातून आलेलाच पासवर्ड होता. कुठल्याही शिफ्टच्या माणसाला जमायला हवं म्हणून. मी मेल केला: पासवर्ड बदला, बीएमसींना वेगळं नेटवर्क द्या, बनवणाऱ्या कंपनीची डिजिटल सही न तपासता फर्मवेअर, म्हणजे चिपमधलं मूळ सॉफ्टवेअर, घेणारे जुने बोर्ड काढा. साहेबांचं उत्तर आलं, "वेगळ्या नेटवर्कच्या स्विचला बजेट नाही. तूर्त बीएमसीच्या केबली काढा."

दादांनी सगळ्या उपटल्या. "काय लीडर, खूश? आता कोन येतंय आत!"

पण बीएमसींचं सेटिंग 'ऑटो' होतं. सुरू होताना स्वतःच्या पोर्टला केबल दिसली नाही, तर बीएमसी सर्व्हरच्या मुख्य पोर्टवरून बाहेर पडतो. विजेच्या कामासाठी रॅक बंद करून पुन्हा चालू केले, आणि सगळे बीएमसी तोच जुना पासवर्ड घेऊन ग्राहकांच्या नेटवर्कवर उघडे पडले. कुणीतरी शिरलं. नव्या बोर्डांनी सही नसलेलं फर्मवेअर नाकारलं, जुन्यांनी घेतलं. तिथे डिस्क पुसून काय होणार? घाण बोर्डावरच्या चिपमध्ये होती. जुने बोर्ड भंगारात गेले.

चौकशीत एकच प्रश्न: केबली कुणी काढल्या? मी साहेबांचा मेल पुढे केला.

"केबली काढा म्हणालो," साहेब म्हणाले, "सेटिंग बघू नका असं नव्हतो म्हणालो."

मी भांडले, ओरडले. दादांच्या कंत्राटदाराला कळवलं गेलं, या माणसाला महिनाअखेरीनंतर पाठवू नका. आणि ज्याला बजेट नव्हतं तो स्विच लगेच आला.

बीएमसींचं वेगळं नेटवर्क दादांनीच बांधलं. पोर्ट 'ऑटो'वरून काढून त्याच नेटवर्कला बांधले, प्रत्येकाला निराळा पासवर्ड दिला. शेवटच्या दिवशी त्यांचं स्वतःचं खातं तेवढं काढायचं राहिलं.

"तूच काढ गं. माझा हात हुईना."

मी काढलं. दादांनी शेजारच्या स्क्रीनवर आपलं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. नकार आला. पुन्हा टाकला. पुन्हा नकार.

"बराबर बसलंय," ते म्हणाले, आणि खुर्ची सरकवून उठले. मला मान वर करता येईना.