दोन वाक्यं आणि खाली माझं नाव

डिचोलीच्या बसस्टँडजवळ, एका फार्मसीच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. घरी वापरायची ऑक्सिजनची मशीनं आम्ही भाड्याने द्यायचो. मशीन बिघडलं की लोक आम्हाला फोन करायचे, नाहीतर मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायचे. ते ऐकायचं आणि त्याची नोंद दोन वाक्यांत संगणकात घालायची, हे माझं काम. ही नोंद मेकॅनिकच्या फोनवर जायची. तो बिचारा दिवसभर स्कूटरवर, सत्तरी तालुक्यापासून पेडण्यापर्यंत फिरणारा. त्याला लांबलचक वाचायला वेळ कुठला! म्हणून दोनच वाक्यं.

हे काम मला शिकवलं ते माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या ताईंनी. त्या माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, सगळ्यांत जुन्या. मी पेडण्याहून लग्न होऊन इकडे आलेली, डिचोलीत माझं माहेरचं कोणी नव्हतं. पहिल्या आठवड्यातच त्यांनी मला आपल्या डब्यातलं भाज्यांचं खतखतं वाढलं आणि म्हणाल्या, "बाय, माणूस तक्रार सांगतो तेव्हा आपलं सगळं आयुष्य सांगतो. ते ऐकायचं, मध्ये तोडायचं नाही. पण लिहिताना पहिल्या वाक्यात काय होतंय आणि त्यांनी काय काय करून बघितलंय. दुसऱ्या वाक्यात त्यांना काय हवंय आणि ते किती घाईचं आहे. आपलं मत घालायचं नाही. त्यांनी सांगितलं नाही तेही घालायचं नाही."

सुरुवातीला माझी नोंद पाच-सहा वाक्यांची व्हायची. ताई खुर्ची सरकवून जवळ यायच्या आणि विचारायच्या, "हे वाक्य काढलं तर मेकॅनिक चुकेल?" नाही म्हटलं की ते वाक्य गेलंच. हो म्हटलं की राहायचं. इतकं सोपं मला कॉलेजात कोणी काही शिकवलं नव्हतं. आमच्या सगळ्यांच्या नोंदी पुढे जाण्याआधी ताई एकदा बघायच्या, लागलं तर दुरुस्त करायच्या. नोंदीखाली नाव मात्र जिने लिहिली तिचंच राहायचं. मला त्याचा अभिमान वाटायचा.

त्या सकाळी सुर्ल्याहून एका सुनेचे आवाज आले. एक नाही, सात-आठ, एकामागून एक. हे कुटुंब मूळचं सिंधुदुर्गातलं. सासरा खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून आला आणि सुर्ल्यालाच राहिला. आता त्याची फुप्फुसं कामातून गेलेली, दिवसरात्र नाकाला नळी. नवरा सावंतवाडीच्या बाजूला गाडी घेऊन गेलेला, घरी ही एकटी.

मी कानाला हेडफोन लावून सगळं ऐकलं. तिने नणंदेचं सांगितलं, ती येते आणि मशीनच्या आवाजाने डोकं दुखतं म्हणून निघून जाते. नवऱ्याचं सांगितलं, तो फोनवर म्हणतो तू उगाच घाबरतेस. शेजारणीने मशीनवर लिंबू उतरवून टाकायला सांगितलं तेही सांगितलं. मध्येच सासऱ्याचा खोकला ऐकू यायचा आणि ती थांबायची. या सगळ्याच्या आत कुठेतरी खरी गोष्ट होती. मशीन सुरू केल्यावर तासाभरात पिवळा दिवा लागतो. पिवळा दिवा म्हणजे मशीनमधून ऑक्सिजन पुरेसा शुद्ध येत नाही. तिने मागचा स्पंजचा फिल्टर धुऊन वाळवून घातला होता. मशीन भिंतीपासून लांब ओढलं होतं. पंख्याचा प्लग काढून मशीनला वेगळं सॉकेट दिलं होतं. दिवा लागायचाच. दिवा लागला की बोटाला लावायच्या मीटरवरचा आकडा घसरायचा, सिलिंडर लावला की परत वर यायचा. आणि तो सिलिंडर आता संपत आला होता.

मी तिला फोन केला. आधी सासऱ्याला सिलिंडर लावायला सांगितलं. आकडा वर आला नाही किंवा त्यांना बोलताना दम लागला तर आमची वाट न बघता सरळ हॉस्पिटलात न्या, हेही दोनदा सांगितलं.

ती म्हणाली, "मॅडम, तुमी सगळा लिवून घेतलास मां? माका परत परत सांगूक जमाचा नाय."

"सगळं घेतलंय," मी म्हटलं. "आत्ता पुढे पाठवते."

नणंद, नवरा, लिंबू हे सगळं गाळलं. तिची भीतीही गाळली. ती गाळताना मला वाईट वाटलं, पण भीतीने मेकॅनिकला काही कळलं नसतं. मी लिहिलं ते असं:

"रुग्ण दिवसरात्र मशीनवर असून तासाभरात पिवळा दिवा लागतो व मीटरचा आकडा घसरतो, फिल्टर धुऊन, मशीन भिंतीपासून दूर ठेवून आणि वेगळ्या सॉकेटवर लावूनही फरक नाही. घरचा सिलिंडर संपत आला असल्याने ग्राहकाला आजच दुसरं मशीन हवं आहे, अतितातडीचे."

ताईंकडे पाठवलं. त्यांनी वाचलं, मान डोलावली. मला बरं वाटलं. ऑफिसात एक जादा मशीन तयार होतं, ते मी सकाळीच पाहिलं होतं. जेवायला गेले, परत आले, तर कोपऱ्यातलं ते मशीन नव्हतं. सुर्ल्याला गेलं असणार, असं मी धरून चालले.

दुपार कलल्यावर सुनेचा फोन आला. "मेकॅनिकाचो फोन इल्लो. फिल्टर धुवा म्हणता. मियां धुतलंय म्हणान सांगलंय ना तुमका?"

मला मेकॅनिकचाच राग आला. नोंद न वाचता कसा बोलतो हा! मी त्याला फोन लावला. तो म्हापशाच्या बाजूला कुठेतरी रस्त्यावर होता.

"मॅडम, तुमचीच नोंद आहे," तो म्हणाला. "वाचून दाखवू? 'पिवळा दिवा लागतो; फिल्टर धुणे, मशीन भिंतीपासून दूर ठेवणे व वेगळे सॉकेट यांबाबत ग्राहकाशी बोलणे झाले. सिलिंडर घरी आहे, पुढच्या फेरीत पाहावे.' खाली तुमचं नाव."

शब्द माझेच होते. फिल्टर माझा, भिंत माझी, सॉकेट माझं, सिलिंडरही माझाच. तिने जे जे करून बघितलं होतं ते सगळं आता तिने करायचं राहिलेलं झालं होतं. संपत आलेला सिलिंडर नुसता घरी होता. एवढ्या सफाईने हे करणारं माणूस आमच्या ऑफिसात एकच होतं.

ताई चहात उंडो पाव बुडवून खात होत्या. मी समोर उभी राहिले.

"ताई, सुर्ल्याची नोंद तुम्ही बदलली?"

"हं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, नजरही हलली नाही. "ते मशीन मोरजीला द्यायचं होतं. साहेबांच्या ओळखीचे आहेत, गेस्ट हाऊसवाले. त्यांच्या आईला उद्या हॉस्पिटलातून घरी आणणार."

"उद्या ना? आणि सुर्ल्याचा माणूस आज?"

"एक तातडीची नोंद उघडी असताना मशीन दुसरीकडे गेलं तर विचारणार कोण? मला विचारणार. म्हणून ती तातडीची ठेवली नाही."

"मग खाली माझं नाव का?"

त्यांनी कप खाली ठेवला. "ते आपोआप राहतं, बाय. तुला माहीत आहे. आणि खोटं काय लिहिलंय त्यात? दोन वाक्यांत सगळं मावत नाही. काहीतरी सोडावंच लागतं."

काय सोडायचं आणि काय नाही, हे यांनीच मला शिकवलं होतं. त्या क्षणी मला रागापेक्षा लाज वाटली. कोणाचा तरी डबा इतके दिवस आपण मायेचा समजून खाल्ला, याची लाज.

मी खुर्चीवर येऊन माझी मूळ नोंद पुन्हा घातली, ती कोणाला न दाखवता मेकॅनिकला पाठवली आणि त्याला फोन करून वाचूनही दाखवली. तो म्हणाला, "मॅडम, पण मशीनच नाही ना माझ्याकडे. ते मोरजीला गेलं." मग मी सुनेला फोन केला आणि सांगितलं, थांबू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा. तिने एवढंच विचारलं, "मगे सकाळी असां कित्याक नाय सांगलास?" सकाळी मला वाटत होतं की मशीन येणार. ते तिला कसं सांगू?

सासऱ्यांना डिचोलीच्या हॉस्पिटलात दाखल केलं. ते वाचले. काही दिवसांनी घरी आले आणि तोवर आमच्याकडे वाळपईहून एक मशीन परत आलं होतं, ते त्यांना मिळालं.

सून ऑफिसात आली ती त्यानंतर. मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. बारकीशी, पदर कमरेला खोचलेली, माझ्याहून लहानच. तिने माझं नाव विचारलं, मी सांगितलं, तशी तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. मेकॅनिकने तिला नोंदीचा फोटो दिला होता.

"ह्या तुमी लिवलास?"

"नाही. मी दुसरं लिहिलं होतं. हे नंतर बदललं."

"कोणी?"

मी ताईंकडे बघितलं. त्या शेजारीच होत्या, हाताच्या अंतरावर. त्यांच्या कानावर शब्द न् शब्द पडत होता. एवढं म्हणाल्या असत्या, 'मी बदललं,' तरी पुष्कळ होतं. मी वाट बघितली. मग स्वतःच म्हटलं, "आमच्या इथेच बदललं. यांनी."

ताई उठल्या. त्यांनी सुनेसाठी खुर्ची ओढली, पाण्याचा ग्लास दिला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बस गो. किती सोसलंस तू. सासरे बरे आहेत ना आता? इथे नवीन मुली आहेत, घाईत लिहितात. मी स्वतः लक्ष घालते." आणि तिच्यासमोर मेकॅनिकला फोन लावून, दर आठवड्याला सुर्ल्याला जाऊन मशीन बघायला सांगितलं.

सून रडायला लागली. ताईंच्या हाताला धरून रडली. जाताना माझ्याकडे वळून म्हणाली, "निदान दुसऱ्याच्या नावार तरी ढकलू नको होता." ती जिना उतरून गेली. ताई जागेवर बसल्या आणि टाइप करू लागल्या.

मी साहेबांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, माणूस वाचलाय ना, मग आता उकरून काय काढायचं. मी नोकरी सोडली नाही. घरचे हप्ते होते, दुसरं काम जवळपास नव्हतं. ताईंशी कामापुरतं बोलते. जेवायला खाली फार्मसीच्या पायरीवर बसते. नोंद अजून दोनच वाक्यांची लिहिते, आणि ती पुढे कशी गेली ते रोज संध्याकाळी एकेक उघडून बघते.

सुर्ल्याहून अजून फोन येतात. कधी नळी बदलायची असते, कधी नुसतं विचारायचं असतं. मी उचलला की ती माझा आवाज ओळखते. मग ती म्हणते, "ती मोठी बाय आसा? तिका दी."

मी फोन ताईंकडे देते.